अंदाजे म्हणजे नक्की किती?

तुमच्या घरात दहावीचं मूल असेल, तर त्याची आलेखाची वही एकदा खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरून बघा. मी परवा नातीची वही अशी धरली आणि मला एका रेषेच्या शेजारी दुसरी, खोडून टाकलेली रेषा दिसली. शिसं खोडरबरानं गेलं होतं, पण पेन्सिल दाबून ओढल्यामुळे कागदावर उमटलेली खाच तशीच होती.

आम्ही इंदूरला राहतो. नात इंग्रजी माध्यमात शिकते, त्यामुळे ती 'ग्राफ' म्हणते आणि मी 'आलेख' म्हणतो. बाकी गणित तेच. माझी नोकरी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गेली. तिथे दिवसभर समोर तक्ता असायचा आणि त्यावर प्रत्येक गाडीची एक तिरकी रेषा. त्यामुळे खोडलेली रेषा दिसली की मला अजून स्वस्थ बसवत नाही. गाडी जिथे होती तिथे होती. आपल्याला सोयीची नाही म्हणून तिची रेषा हलवता येत नाही.

गणित असं होतं.

२x + y = ७
x − २y = −१

दोन्ही समीकरणं एकाच वेळी खरी ठरतील अशी x आणि y ची जोडी शोधायची. आमच्या शाळेत यांना एकसामयिक समीकरणं म्हणत. आलेखाने सोडवताना प्रत्येक समीकरणाची एक सरळ रेषा काढायची. रेषेवरचा प्रत्येक बिंदू त्या समीकरणात बसतो, म्हणून दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू दोन्ही समीकरणांत बसतो. तेच उत्तर. मग तेच गणित आकडेमोड करून सोडवायचं आणि दोन्ही उत्तरं ताडून बघायची, असा गृहपाठ होता.

नातीच्या वहीत आलेखाचं उत्तर होतं (१, १) आणि आकडेमोडीचंही (१, १). दोन्ही तंतोतंत जुळलेली, खाली बरोबरची खूण. पण वरच्या तक्त्यात पहिल्या समीकरणासाठी तिने पेनने तीन जोड्या लिहिल्या होत्या: (०, ७), (२, ३) आणि (३, १). कागदावर मात्र रेषा (०, ७) वरून निघून थेट (१, १) मधून खाली गेली होती. (२, ३) आणि (३, १) या जागी नुसते खोडलेले पांढुरके डाग. मी पट्टी घेऊन त्या जुन्या खाचेवर ठेवली. ती तिन्ही बिंदूंमधून नीट जात होती आणि दुसऱ्या रेषेला छेदत होती (२.६, १.८) पाशी.

मी तिला हाक मारली. तिने अजिबात लपवाछपवी केली नाही. म्हणाली, "आबा, ग्राफ अंदाजेच असतो, मॅडमनीच सांगितलंय. उत्तर (१, १) येत होतं, म्हणजे ग्राफच चुकला असणार. म्हणून मी तो दुरुस्त केला."

मी विचारलं, "अंदाजे म्हणजे किती?"

"म्हणजे… थोडं इकडेतिकडे."

"थोडं म्हणजे किती मिलिमीटर?"

यावर ती गप्प झाली. आणि खरं सांगायचं तर, हा प्रश्न बहुतेक वह्यांमध्ये कुणी विचारतच नाही. आलेख अंदाजे असतो हे खरं आहे, पण तो किती अंदाजे असतो हे मोजता येतं. ते मोजलं नाही, तर दोन उत्तरं ताडून बघण्यात काही अर्थच उरत नाही.

आम्ही दोघं मोजायला बसलो. तिच्या आलेख कागदावर एक सेंटीमीटरचे मोठे चौकोन आणि त्यात एकेक मिलिमीटरच्या बारीक रेघा. तिने प्रमाण घेतलं होतं १ सेंटीमीटर म्हणजे १ एकक. म्हणजे एक मिलिमीटर झाला ०.१. टोक केलेल्या पेन्सिलची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर जाड येते. बिंदू ठेवताना अर्धा मिलिमीटर चुकू शकतो, पट्टी लावताना तेवढीच चूक होऊ शकते. सगळं धरून एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला, तर तो आलेखाच्या 'अंदाजे'पणात बसतो. म्हणजे एका आकड्यात ०.१ इकडेतिकडे.

आता तिचा फरक किती होता? आलेख म्हणत होता x = २.६, आकडेमोड म्हणत होती x = १. कागदावर हे अंतर १६ मिलिमीटर होतं. y मध्ये ८ मिलिमीटर. मी तिला कंपासपेटीतली पेन्सिल दाखवली आणि म्हटलं, "इतकी बोथट पेन्सिल तू कधी बघितली आहेस का?" ती हसली, पण तिच्या लक्षात आलं. हा फरक हाताच्या थरथरीचा नव्हता. कुठेतरी सरळसरळ चूक झाली होती.

पण चूक कुणाची, हे फरकावरून कळत नाही. फरक फक्त एवढंच सांगतो की दोघांपैकी निदान एक चुकलं आहे. नातीने न तपासताच आलेखाला दोषी ठरवलं होतं, आणि तिच्याकडे त्याचं आणखी एक कारण होतं. ते ती नंतर हळूच म्हणाली: "पूर्ण आकडे आले ना, म्हणून वाटलं बरोबरच असणार." तुमच्याही मुलांना असंच वाटत असेल. पुस्तकातल्या बऱ्याच गणितांची उत्तरं सुटसुटीत असतात, त्यामुळे २.६ आलं की मुलं घाबरतात आणि १ आला की निश्चिंत होतात.

आधी आलेख तपासला. तीन जोड्या समीकरणात घालून बघितल्या. २ × ० + ७ = ७, बरोबर. २ × २ + ३ = ७, बरोबर. २ × ३ + १ = ७, बरोबर. तिन्ही बिंदू खाचेवर होते, एका रेषेत होते. रेषा काढायला दोन बिंदू पुरतात हे खरं, पण दोन बिंदूंतून रेषा नेहमीच निघते, ते चुकीचे असले तरी. तिसरा बिंदू रेषेसाठी नसतो, तो साक्षीदार असतो. तो रेषेवर बसला नाही, तर तक्त्यात किंवा कागदावर कुठेतरी घोळ झाला हे लगेच समजतं. इथे साक्षीदार जुन्या रेषेच्या बाजूने उभा होता. नव्या रेषेवर तो बसत नव्हता, म्हणूनच बिचाऱ्याला खोडलं गेलं होतं.

मग आकडेमोड बघितली. तिने दुसऱ्या समीकरणाला २ ने गुणलं: २x − ४y = −२. ते पहिल्यातून वजा केलं. डावीकडे y मधून −४y वजा केले, ५y आले. हे बरोबर. उजवीकडे ७ मधून −२ वजा करायचे होते. वजामधलं वजा म्हणजे अधिक. ७ आणि २ मिळून ९ यायला हवे होते. तिने लिहिले होते ५. मग ५y = ५, म्हणून y = १, आणि सगळं कसं छान सुटलं! खरं म्हणजे ५y = ९, म्हणून y = १.८, आणि x = २ × १.८ − १ = २.६. खोडलेल्या रेषेने दाखवलेलं अगदी तेच उत्तर.

नातीचा चेहरा उतरला. तिने बरोबर काढलेली रेषा स्वतःच्या हाताने खोडली होती. पण तिला जास्त लागलं ते दुसरंच. ती म्हणाली, "पण आबा, मी ताळा केला होता! x − २y मध्ये घालून बघितलं. १ − २ = −१. जुळलं होतं."

इथे थोडं थांबा, कारण ही फट फार जणांच्या नजरेतून सुटते. तिने y = १ काढल्यावर x काढण्यासाठी हेच दुसरं समीकरण वापरलं होतं. ज्या समीकरणातून x काढला, त्यातच पुन्हा घातला, तर तो जुळणारच. y च्या जागी ५० आले असते, तरी त्या समीकरणाचा ताळा जुळला असता. खरी परीक्षा दुसऱ्या समीकरणात होते: २ × १ + १ = ३. हवे होते ७. एका ओळीचं काम होतं. म्हणून ताळा करायचा तो दोन्ही समीकरणांत, आणि आधी त्या समीकरणात, जे शेवटच्या पायरीत वापरलेलं नाही.

तिने नवा कागद घेतला आणि रेषा पुन्हा काढली. मी आपला आजोबांच्या थाटात म्हणालो, "बघ, आलेखावर असा विश्वास ठेवायला शिक." मग तिचं पुढचं गणित मीच करून दाखवतो म्हटलं. इथे माझी फजिती झाली, तीही सांगतो.

x − २y = −१
३x − ५y = १

पहिली रेषा मघाचीच होती, ती तशीच पुढे वाढवली. दुसरीसाठी मी सोपे, लहान आकडे घेतले: (−३, −२) आणि (२, १). पट्टी ठेवली, रेषा ओढली, उजवीकडे लांबवली. साक्षीदार बिंदू घ्यायचा कंटाळा केला. चष्मा पुसून छेदनबिंदू वाचला: (६.४, ३.७). ताळाही केला. पहिल्या समीकरणात ६.४ − ७.४ = −१, तंतोतंत. दुसऱ्यात १९.२ − १८.५ = ०.७, हवा होता १. एवढं चालायचंच, म्हटलं.

तोवर नातीने आकडेमोड संपवली होती. पहिल्याला ३ ने गुणून ३x − ६y = −३. ते दुसऱ्यातून वजा. या वेळी तिने उजवी बाजू सावकाश, कंसात लिहिली: १ − (−३) = ४. म्हणून y = ४, x = ७. दोन्ही समीकरणांत ताळा: ७ − ८ = −१ आणि २१ − २० = १. पक्कं.

माझा x चुकला होता ०.६ ने. म्हणजे कागदावर ६ मिलिमीटर! आणि मघाशी मीच एक मिलिमीटरचा नियम सांगितला होता. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आता तुम्ही खोडणार का, आबा?"

मी पुन्हा चष्मा लावून बसलो. रेषा चुकीच्या नव्हत्या. बिंदूही बरोबर होते. माझा (६.४, ३.७) हा बिंदू पहिल्या रेषेवर अचूक होता आणि दुसऱ्या खऱ्या रेषेपासून त्याचं अंतर काढलं, तर ते जेमतेम अर्धा मिलिमीटर भरलं. पेन्सिलीच्या एका रेघेची जाडी. तेवढीच चूक मी केली होती, पण तिने छेदनबिंदू साडेसहा मिलिमीटर लांब ढकलला होता.

आणि मग मला माझं ऑफिस आठवलं. सेक्शन कंट्रोलरच्या तक्त्यावर आडवी वेळ असते आणि उभी एकाखाली एक स्टेशनं. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेषा जिथे छेदतात, तिथे त्यांचं क्रॉसिंग. ते स्टेशनातच व्हायला हवं, मधल्या रुळांवर नाही. धरा, दोन्ही गाड्या ताशी ६० किलोमीटरने येत आहेत आणि एक पाच मिनिटं उशिरा निघाली. त्यांच्या भेटीची जागा फक्त अडीच किलोमीटरने सरकते. आता दुसरा प्रसंग धरा. ताशी ५० ने मालगाडी पुढे चालली आहे आणि मागून त्याच दिशेने ताशी ६० ने दुसरी गाडी येते आहे. ही मागची पाच मिनिटं उशिरा निघाली, तर मालगाडीला गाठण्याची जागा किती सरकेल? २५ किलोमीटर. दहापट! पाच मिनिटं तीच. फरक एवढाच, की समोरासमोरच्या गाड्यांच्या रेषा तक्त्यावर मोठ्या कोनात एकमेकींना कापतात आणि एकाच दिशेच्या गाड्यांच्या रेषा जवळजवळ समांतर जातात.

नातीच्या दोन गणितांतही हेच होतं. पहिल्या गणितातल्या रेषा एकमेकींना चक्क काटकोनात छेदत होत्या. तिथे एक रेषा अर्धा मिलिमीटर सरकली, तर छेदनबिंदूही अर्धाच मिलिमीटर सरकतो. दुसऱ्या गणितातल्या रेषांमध्ये कोन होता जेमतेम साडेचार अंशांचा. x एक एककाने पुढे गेला, की दोन रेषांमधलं उभं अंतर फक्त ०.१ ने, म्हणजे एका मिलिमीटरने बदलतं. त्यामुळे खऱ्या छेदनबिंदूच्या आजूबाजूला साधारण एक सेंटीमीटरभर दोन्ही रेघा एकमेकींवर चढलेल्याच दिसतात. तिथे छेदनबिंदू दिसत नाही, दिसतो एक लांबट काळा पट्टा. त्यातला कुठलाही बिंदू बोट ठेवून दाखवावा आणि तो दोन्ही समीकरणांत जवळपास जुळावा! म्हणूनच माझा ताळा मला फसवून गेला. समीकरणात किंमत जवळपास जुळली म्हणजे उत्तर जवळ आलं, असं अशा रेषांच्या बाबतीत धरता येत नाही.

त्यात मी एक चूक हाताने वाढवलीही होती. माझे दोन्ही बिंदू छेदनबिंदूच्या डावीकडे, त्याच्यापासून लांब होते. (−३, −२) पासून (२, १) पर्यंत जेवढं अंतर, तेवढीच रेषा मी पुढे (७, ४) पर्यंत लांबवली होती. त्यामुळे (२, १) पाशी पट्टी अर्धा मिलिमीटर हलली असेल, तर (७, ४) पाशी ती पूर्ण एक मिलिमीटर हलली. बिंदू घ्यावेत ते छेदनबिंदूच्या दोन्ही बाजूंना, आणि होतील तेवढे लांब लांब. मधली रेषा पट्टीच्या धाकात राहते, बाहेर लांबवलेली रेषा भटकते.

मग अशा गणितात आलेख काढूच नये का? नातीने हेच विचारलं. मी म्हटलं, काढावा, पण त्याला थोडी मदत करावी. आम्ही दोन्ही रेषांची y x = ६ आणि x = ८ इथे आकड्यांनी काढली. ६ वर पहिल्या रेषेची y आली ३.५ आणि दुसरीची ३.४, पहिली वर. ८ वर पहिलीची ४.५ आणि दुसरीची ४.६, दुसरी वर. म्हणजे ६ आणि ८ च्या मध्ये कुठेतरी दुसरीने पहिलीला नक्की ओलांडलं आहे. मग फक्त तेवढाच तुकडा मोठ्या प्रमाणावर काढला, दोन्ही अक्षांवर ५ सेंटीमीटर म्हणजे १ एकक घेऊन. कोन तोच राहिला, रेघेची जाडी तीच राहिली, पण आता अर्धा मिलिमीटर म्हणजे फक्त ०.०१ झाला. या वेळी नातीने वाचलं ७.१. चूक ०.६ वरून ०.१ वर आली. प्रमाण पाचपट केलं, चूक साधारण तेवढीच घटली.

रात्री तिने गृहपाठ पुन्हा लिहिला. मी मुद्दाम डोकावलो. पहिल्या आलेखाखाली तिने लिहिलं होतं: "आलेखावरून (२.६, १.८), आकडेमोडीने (२.६, १.८). रेषा काटकोनात. १ मिमीपर्यंत फरक चालला असता." दुसऱ्याखाली माझी फजितीही नोंदवली होती: "लहान आलेखावरून (६.४, ३.७), मोठ्या आलेखावरून x = ७.१, आकडेमोडीने (७, ४). कोन फार लहान, त्यामुळे इथे आकडेमोडीचं उत्तर घेतलं. दोन्ही समीकरणांत ताळा केला."

माझी ती चुकलेली रेषा तिने खोडली नव्हती. तिच्या शेजारी बारीक अक्षरात 'आबांची' एवढंच लिहून ठेवलं होतं.